छायाचित्रातला उंट

आमच्या खकनारच्या बाजूस उंट दिसतो तो बहुधा पाहुणा म्हणून. खरिपाची पिके निघून शेते मोकळी होऊ लागली की कच्छकडील रबाऱ्यांचे कळप तापीच्या खोऱ्यातून जाताना दिसतात. पुढे मेंढ्या, मागे उंट, आणि उंटाच्या पाठीवर बाज, भांडी, पोरेबाळे व एखादे नुकते जन्मलेले कोकरूही. आमचे शेतकरी खतासाठी त्या मेंढ्या रात्री आपल्या शेतात बसवून घेतात. काही डेरे उन्हाळाही इकडेच काढतात. त्यामुळे उंट ओळखीचा खरा, पण लांबूनच. बैलाचे दात पाहून वय सांगणारी माणसे आमच्याकडे घरोघर सापडतील. उंटाच्या तोंडात पाहिलेला मनुष्य मात्र शोधावा लागतो.

असा मनुष्य शोधण्याची वेळ एका वैशाखात माझ्यावर आली. माझ्या शेजारचा एक तरुण लग्नाच्या वरातींसाठी घोडी ठेवतो. जत्रांतून मुलांना फेरी मारण्यासाठी एक उंट घ्यावा, असे त्याच्या मनात आले. मारवाडातील एका विक्रेत्याने त्याला मोबाइलवर चार छायाचित्रे पाठविली आणि खाली लिहिले, की नर दोनदाती आहे, वय चार-साडेचार वर्षे, मदार भरलेली, अंग स्वच्छ. बयाणा पाठवावा म्हणजे माल दुसऱ्यास देणार नाही. तरुण ती छायाचित्रे घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, “सर, बैल असता तर तुमच्याकडे आलो नसतो.” त्याचे म्हणणे खरे होते. मी शाळेत विज्ञान शिकवितो एवढाच माझा अधिकार. तेव्हा आम्ही दोघे गावाबाहेर नाल्याकाठी उतरलेल्या एका वृद्ध रबाऱ्याकडे गेलो, आणि पुढे जनावरांच्या डॉक्टरांनाही विचारले. त्यातून जे समजले ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

पहिली फसगत आमच्या स्वतःच्या डोळ्यांनीच केली होती. बैलाचे मोजमाप आम्ही उंटाला लावीत होतो. बैलाच्या वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, नुसती हिरडीची कठीण गादी असते. खाली पटाशीचे आठ दात असतात. दुधाचे दात पडून पहिली मोठी जोडी दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येते, त्यास आपण दोनदाती म्हणतो. आणि साधारण साडेचार-पाच वर्षांपर्यंत बैल जुळतो. उंटाचे घड्याळ याहून पुष्कळ सावकाश चालते. त्याला खाली पटाशीचे सहाच दात असतात. त्यांतील मधली पक्की जोडी पाचव्या वर्षाच्या आसपास येते, दुसरी सहाव्याच्या आसपास आणि कडेची सातव्याच्या आसपास. म्हणजे ज्या वयात बैल पुरा जुळतो, त्या वयात उंट कोठे दोनदाती होऊ लागलेला असतो. विक्रेत्याने सांगितलेले वय आणि दात यांत या दृष्टीने फारशी विसंगती नव्हती. साडेचार वर्षांचा उंट दोनदाती असू शकतो. प्रश्न होता तो, छायाचित्रात दिसत होते ते दात कोणते, हा.

तोंडाचे जे छायाचित्र आले होते त्यात कोणा माणसाच्या हाताने उंटाचा वरचा ओठ उचललेला होता आणि एका बाजूस दोन टोकदार दात स्पष्ट दिसत होते. आम्ही म्हटले, “दोन दात दिसतात, दोनदातीच आहे.” रबारीबाबांनी मोबाइल हातात घेतला, उन्हापासून आडोसा करून पाहिला आणि ते हसले. त्यांच्या कच्छी-हिंदी मिश्र बोलीतून जे उमगले ते असे, की मास्तर, हे तर वरचे दात आहेत. वय खालच्या दातांवर पाहतात.

उंटाच्या तोंडाची गंमत येथेच आहे. बैलाप्रमाणे त्याच्याही वरच्या जबड्यात समोर गादी असते, पण दोन्ही कडांना टोकदार दात असतात. प्रौढ उंटात प्रत्येक बाजूस असे तीन मोजता येतात. पहिला वस्तुतः पटाशीचाच, पण सुळ्यासारखा झालेला. दुसरा खरा सुळा. आणि तिसरा थोडा मागे, एकटा उभा असलेला, दाढेचाच भाऊबंद पण तोही अणकुचीदार. नराला हे दात मोठे असतात. त्यांच्या झुंजीत चावा बसतो तो यांचाच. मादीत आणि खच्ची केलेल्या नरात ते लहान राहतात. पक्के सुळे येतात ते साडेसहा-सात वर्षांच्या सुमारास. याचा अर्थ असा, की ज्या दोन दातांवरून आम्ही उंट कोवळा ठरविला, तेच दात तो निदान सात वर्षांचा आहे असे ओरडून सांगत होते. तो दाखविणाऱ्याने मुद्दाम वरचा ओठ उचलला, की अजाणता, हे मी सांगू शकत नाही. पण खालचा ओठ मात्र चारांपैकी एकाही छायाचित्रात कोणी खाली ओढला नव्हता.

आम्ही दुसरे छायाचित्र मागविले. ते कसे हवे हेही बाबांनीच सांगितले. उंट खाली बसवावा, खालचा ओठ दोन्ही बाजूंनी खाली ओढावा, ऊन समोरून तोंडावर पडू द्यावे आणि चित्र अगदी समोरून, दातांच्या उंचीवरून घ्यावे. बाजूने काढलेल्या चित्रात कडेची जोडी ओठाआड जाते आणि सहादाती उंट चारदाती दिसतो. दुधाचे दात आणि पक्के दात यांत भेद करणे चांगल्या चित्रात कठीण नाही. दुधाचा दात लहान, बुडाशी बारीक होत गेलेला असतो. पक्का दात रुंद, फावड्याच्या पात्यासारखा. मात्र एक घोटाळा ध्यानात ठेवावा. चार वर्षांच्या उंटाचे दुधाचे दात झिजून आखूड झालेले व एकमेकांपासून सुटलेले असतात. ते पाहून अननुभवी मनुष्य त्याला म्हातारा समजतो. खरोखरच्या म्हाताऱ्याच्याही दातांत फटी पडतात, पण ते खुंट जाड, पिवळसर आणि हिरडीत हललेले असतात.

मागविलेले चित्र दुसऱ्या दिवशी आले. सहाही दात पक्के, एकमेकांस लागून, आणि मधल्या जोडीची धार गेलेली. बाबा म्हणाले, “आठ तर झालीच, बारापर्यंत काहीही असेल.” अधिक नेमके सांगा असा आम्ही आग्रह धरला, तेव्हा त्यांनी मान हलविली. डॉक्टरांचेही मत तेच पडले. आठ वर्षांपर्यंत उंटाचे वय दात येण्यावरून सांगता येते, त्यात चूक झाली तरी ती काही महिन्यांची. आठानंतर केवळ झिजेवर जावे लागते, आणि झीज चाऱ्यावर अवलंबून असते. रेताड, काटेरी मुलखात चरणाऱ्या उंटाचे दात लवकर झिजतात, मऊ पाला खाणाऱ्याचे उशिरा. शिवाय झीज पाहावयाची ती दाताच्या माथ्यावरील सपाटीच्या आकारावरून. ही सपाटी प्रथम रुंद व अरुंद पट्टीसारखी असते आणि वर्षे जातात तसतशी गोलाकडे झुकत जाते. ती समोरून काढलेल्या छायाचित्रात दिसतच नाही. तेव्हा छायाचित्रावरून कोणी “हा अकरा वर्षांचा आहे” असे ठामपणे सांगू लागला, तर तो जाणकार नव्हे असे खुशाल समजावे.

आता आठ-दहा वर्षांचा उंट म्हणजे टाकाऊ नव्हे. सहा वर्षांनंतरच तो पूर्ण कामाचा होतो आणि नीट ठेवला तर पुढे दहा-बारा वर्षे काम देतो. जत्रेतील मुलांसाठी तर असा शांत झालेला उंटच बरा. वयाने व्यवहार मोडत नव्हता. किंमत तेवढी बदलत होती. आमच्या तरुणाला तर उलट धीर आला. तो म्हणाला, “वय राहू द्या सर, मदार बघा केवढी आहे!”

मदार खरोखरच डोळ्यांत भरण्यासारखी होती. एका चित्रात ती ताठ, गोल आणि टोकापर्यंत भरलेली दिसत होती. मदारीत पाणी असते हा समज शाळेत मला दरवर्षी खोडून काढावा लागतो. ती चरबी आहे, तिच्यात हाड नाही. चारा मुबलक असला की ती वाढते, तुटवडा पडला की वापरली जाते. भरलेली मदार कठीण व उभी असते. आटली की आतील भार जाऊन कातडे सैल पडते आणि ती एका बाजूस कलते. म्हणून कललेली मदार बहुधा असे सांगते, की हे जनावर एके काळी भरलेले होते व अलीकडे उतरले आहे. ज्याला कधीच पोटभर मिळाले नाही, त्याची मदार लहान, पण सरळ राहिलेली आढळते.

पण मदार एकटी पाहू नये. तिच्याबरोबर भकाळी, म्हणजे शेवटची बरगडी आणि खुब्याचे हाड यांमधला खळगा, पाहावा. मागून मांड्यांचे मांस पाहावे. डोळ्याच्या वरचा खड्डा पाहावा. हे सर्व भरलेले असून मदार थोडी कमी असेल तर काळजीचे कारण नाही. मदार बरी, पण मांड्या सुकलेल्या आणि भकाळी खोल, असे दिसले तर चित्रात काही तरी गफलत आहे असे समजावे. ही गफलत मोबाइलचे भिंग सहज करते. जवळून आणि खालून काढलेल्या चित्रात मदार डोंगराएवढी होते. चार-पाच पावलांवरून नव्हे, तर चांगल्या पंधरा-वीस पावलांवरून, उंट सपाट जागी चारही पायांवर उभा असताना, बरोबर बाजूने आणि पाठीच्या उंचीवरून काढलेले चित्रच विश्वासार्ह. पाठीवर खोगीर, गोधडी किंवा झूल असेल, तर ते चित्र मदारीपुरते कोऱ्या कागदाबरोबर आहे.

आमच्या चारांपैकी एकात झूल होती. ते बाजूला ठेवले. एक तोंडाचे. राहिली दोन. त्यांतील एकात ती भरदार मदार. दुसऱ्यात तोच उंट अधिक लांबून काढलेला, आणि त्यात मदार जरा ओसरलेली भासत होती. तरुण म्हणाला, लांबून काढल्यामुळे तसे दिसते. बाबा बराच वेळ दोन्ही चित्रे आलटूनपालटून पाहत राहिले आणि मग त्यांनी मदारीकडे नव्हे, तर अंगावरील केसांकडे बोट दाखविले.

मला या सर्व प्रकरणात जे खरोखर शिकावयास मिळाले ते हेच, की उंटाची लोकर म्हणजे त्याच्या अंगावर लिहिलेले पंचांग आहे. हिवाळ्यात मदारीवर, खांद्यांवर आणि मानेवर दाट, कुरळी लोकर येते. फाल्गुन-चैत्रात ती सुटू लागते. त्याच सुमारास उंटवाले ती कातरून घेतात. वैशाखात जनावर आखूड केसांचे, उजळ अंगाचे दिसते. आमच्या भरदार मदारीच्या चित्रात उंटाच्या अंगावर हातभर खोल वाटावी अशी लोकर होती; दुसऱ्या चित्रात तो कातरलेला होता. विक्रेता मात्र दोन्ही चित्रे “कालची” म्हणून सांगत होता. वैशाखातल्या उंटावर पौषातली लोकर कोठून येणार? ते चित्र निदान तीन-चार महिन्यांचे जुने होते. पावसाळ्यानंतर पाला भरपूर मिळालेला असतो, त्या चाऱ्यावर भरलेली मदार हिवाळ्याच्या आरंभी सर्वांत देखणी असते. विकावयास काढलेला उंट आजचा होता, दाखविलेली मदार मागच्या हंगामाची.

या पंचांगालाही अपवाद आहेत. बिकानेरी जातीच्या काही उंटांना कानांवर व भुवयांवर बारमाही लांब केस असतात, तर जैसलमेरी उंट हिवाळ्यातही मुळातच आखूड केसांचा असतो. तेव्हा ऋतू ओळखताना कान सोडून मदार व खांदे पाहावेत. रंगावर तर मुळीच विसंबू नये. मावळत्या उन्हात काढलेला प्रत्येक उंट तांबूस आणि तजेलदार दिसतो.

त्याच हिवाळी चित्रात बाबांनी आणखी एक गोष्ट दाखविली. डोक्याच्या मागे, जेथे मान सुरू होते तेथे, लोकर काळपट व ओली झालेली होती. आम्हांला तो चिखल वाटला. ती माजाची खूण होती. नर उंट आपल्याकडे हिवाळ्यात माजावर येतो. त्या वेळी डोक्यामागील ग्रंथींतून गडद, उग्र वासाचा स्राव पाझरतो. माजावरचा नर खाणे जवळजवळ सोडतो आणि दोन-तीन महिन्यांत चांगलाच उतरतो. ही खूण दोन प्रकारे उपयोगी पडली. एक तर साडेचार वर्षांच्या पोरसवदा नराला असा भरात आलेला माज सहसा नसतो, म्हणजे दातांच्या साक्षीला दुसरा साक्षीदार मिळाला. दुसरे असे, की मदार का ओसरली याचे एक निरुपद्रवी कारणही हाती आले. माजात उतरलेला उंट माज सरल्यावर काही महिन्यांच्या चांगल्या चाऱ्यावर पुन्हा भरतो.

पण मदार ओसरण्याचे दुसरे कारण निरुपद्रवी नाही, आणि छायाचित्र या दोहोंत निवाडा करू शकत नाही. ते कारण म्हणजे सर्रा. रक्तात शिरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवी जंतूचा हा रोग चावणाऱ्या मोठ्या माश्या पावसाळ्यात पसरवितात. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. जनावर खातपीत असूनही झिजत जाते, मदार आटते, मांड्या सुकतात. हे वर्षानुवर्षे चालू शकते. म्हणूनच त्याला तिबरसा, म्हणजे तीन वर्षांचा रोग, असेही म्हणतात. घोड्यांनाही तो होतो, आणि आमच्या तरुणाच्या दारात घोड्या होत्या. डॉक्टरांनी त्याला बजावले, की रक्त तपासल्यावाचून हा उंट त्या घोड्यांशेजारी बांधावयाचा नाही. यावर औषध आहे, पण ते निदान झाल्यावर.

खरजेचे मात्र छायाचित्रात पुष्कळसे कळते. वैशाखातल्या दुसऱ्या चित्रात उंटाच्या मानेवर केसांचे ठिगळ दिसत होते, तेव्हा आम्हांला प्रथम खरजेचीच शंका आली. लोकर सुटताना ती झुपक्यांनी लोंबते, दोन्ही बाजूंस सारखी सुटते आणि खालचे कातडे गुळगुळीत, नव्या बारीक केसांचे असते. खरूज डोके, मान, काखा, मांड्यांचा आतील भाग अशा जागी आरंभ करते. तेथे केस जातातच, पण कातडे जाड, राखाडी, सुरकुतलेले होते आणि त्यावर खपल्या धरतात. म्हणून काख आणि आतील मांडी यांचे जवळून काढलेले चित्र मागावे. विक्रेते ते आपण होऊन पाठवीत नाहीत. अंग तेलाने काळे, चकचकीत दिसत असेल तर तेही विचारून घ्यावे. खरजेवर तेल-गंधकाचा लेप देण्याची रीत जुनी आहे, आणि सजावटीसाठीही तेल लावतात. ही खरूज माणसालाही लागते. मुलांना पाठीवर बसवावयाचे तर हे विसरून चालणार नाही. आमच्या उंटाची काख स्वच्छ निघाली. ठिगळे कातरणाऱ्याच्या घाईची होती.

कागदपत्रांविषयी दोन शब्द. राजस्थानने २०१४ साली उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ साली कायदा करून उंटाच्या कत्तलीस बंदी व राज्याबाहेर नेण्यास परवान्याची अट घातली. तेव्हा तिकडचा उंट घेण्यापूर्वी तेथील पशुसंवर्धन खात्याकडे चौकशी करणे प्राप्तच होते. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जानेवारी २०२२ मध्ये कच्छच्या रबाऱ्यांचे ५८ उंट कत्तलीच्या संशयावरून अडविले गेले, आणि ते परत मिळविण्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट आमच्या रबारीबाबांनीच आम्हांला ऐकविली.

तिसऱ्या दिवशी बाबांचा डेरा पुढे हलला. जाताना त्यांनी सांगून ठेवले, की आजची, बिनखोगिराची, बाजूने आणि मागून काढलेली चित्रे मागवा. आम्ही दोघांनी मिळून मजकूर लिहिला. चित्रे आली. मदार अर्धी राहिलेली, डावीकडे कललेली. भकाळी दिसणारी, पण मांड्या बऱ्या. हे माजाने व कामाने उतरलेले जनावर असावे, असे आम्ही अनुमान केले. बयाणा न पाठविता तरुण स्वतः मारवाडला जाऊन आला. रक्ताच्या तपासणीत सर्रा निघाला नाही. दात आमच्या अंदाजाप्रमाणेच होते. पण खोगीर उतरवून त्याने उंटाला फेरी मारली, तेव्हा उजव्या अंगास, मदारीच्या बुडाशी, तळहाताएवढी खोगिराची जुनी जखम आढळली. वरून सुकलेली, दाबल्यावर आतून ओली. अशा पाठीवर मुले बसविता येत नाहीत. तो रिकाम्या हाताने परत आला आणि आम्ही पुन्हा एकदा सारी छायाचित्रे उघडून पाहिली. बाजूने काढलेली होती तेवढी सर्व डाव्या अंगाची होती, आणि आम्ही मागविलेल्या मजकुरातही उजव्या अंगाचा उल्लेख करावयाचे राहून गेले होते.